अरबीतली द्विकर्मक क्रियापदं: “देणे” आणि “समजणे” यांच्या जोड्या वेगळ्या का?

प्रश्न: शाळेत दहावीपर्यंत संस्कृत होतं, आता वर्षभर अरबी शिकतोय. “अ‘तैतु ल्-फ़क़ीर दिर्हमन्” (मी गरिबाला दिरहम दिला) यात गरीब आणि दिरहम दोघांनाही द्वितीया कशी? ज्याला दिलं त्याला चतुर्थी नको का? आणि समजणे या अर्थाच्या “ज़न्न” या क्रियापदालाही दोन कर्मं असतात म्हणे, मग पुस्तकात त्याचा धडा वेगळा का? मला दोन्ही सारखेच दिसतात आणि माझ्या वाक्यांत सतत चुका निघतात.

उत्तर:

तुमच्या चुका बहुतेक शेवटच्या स्वरात नसाव्यात. दोन्ही नामांना द्वितीया, म्हणजे अरबीतला “नसब”, हे पाठ व्हायला फार वेळ लागत नाही. अडतं ते पुढे: त्या दोन कर्मांचं एकमेकांशी नातं काय, हे न पाहता वाक्य रचलं की कर्म गाळताना, जागा बदलताना, “की” घालताना घोटाळा होतो. शिकवताना मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता मी प्रत्ययांच्या आधी हे नातंच समजावते.

एक सूचना आधी. अरबी वाक्यं मी देवनागरीत लिहिते आहे, ती संस्कृतासारखी वाचा. हलन्त नसेल तिथे शेवटचा “अ” पूर्ण म्हणा, कारण इथे सगळं त्या शेवटच्या स्वरावर आहे. ‘ ही खूण ऐन या वर्णासाठी आहे.

चतुर्थीचं आधी निकालात काढू. अरबीत नामाच्या विभक्ती तीनच. कर्ता आणि त्याच्या जातीचं जे काही, ते रफ़अमध्ये (शेवटी उ). शब्दयोगी अव्ययानंतर किंवा “चा-ची-चे” या संबंधात येतं ते जरमध्ये (शेवटी इ). उरलेलं जवळजवळ सगळं नसबमध्ये (शेवटी अ). ज्याला द्यायचं त्याच्यासाठी चौथी पेटी या भाषेत नाहीच. तेव्हा गरीब कर्ता नाही, त्याच्याआधी अव्यय नाही, तो कोणाच्या मालकीचाही सांगितलेला नाही. म्हणजे तो नसबमध्ये जाणार. दिरहमही त्याच कारणाने नसबमध्ये. दोघं एका विभक्तीत आले म्हणून दोघांचं काम एकच आहे असं मात्र नाही.

संस्कृतचा आधार इथे अर्धाच कामाला येतो, आणि तो अर्धा कुठला ते ओळखून घ्या. संस्कृतात दुह्, याच्, प्रच्छ्, नी असे ठरावीक द्विकर्मक धातू आहेत: गोपः गां पयः दोग्धि. त्यांत “दा” नाही. दा घेतला की ब्राह्मणाय गां ददाति, चतुर्थी. म्हणून “अ‘ता” (दिले) या क्रियापदाशी तुमचं संस्कृत भांडतं. पण मागणं आणि विचारणं या अर्थाचं अरबी “सअल” घ्या: “सअल्तु ल्लाह ल्-मग़्फ़िरत”, मी अल्लाहकडे क्षमा मागितली. दोन्ही नामं नसबमध्ये, अगदी याच् धातूसारखी. आणि “मानणे” या अर्थी संस्कृतातही त्वां पण्डितं मन्ये असंच म्हणतात, दोन्ही द्वितीया. म्हणजे “ज़न्न”शी तुमचं संस्कृत जमतं, “अ‘ता”शी जमत नाही. गोंधळ नेमका इथूनच सुरू होतो, कारण अरबीत दोन्हींचे प्रत्यय एकसारखे दिसतात.

आता मुख्य भेद. तो अरबीत जाण्याआधी मराठीतच तपासता येतो. “मी त्याला शहाणा समजतो.” यातून क्रियापद आणि कर्ता काढा. उरतं “तो, शहाणा”. “तो शहाणा” हे पूर्ण वाक्य झालं. “मी त्याला पैसे दिले.” यातून काढा. उरतं “तो, पैसे”. याचं वाक्य होत नाही. अरबीतही तेच. “ज़नन्तु ज़ैदन् ‘आलिमन्” (मला ज़ैद विद्वान वाटला) यातून “ज़नन्तु” काढलं की “ज़ैदुन् ‘आलिमुन्” हे स्वतंत्र वाक्य उरतं. ज़ैद उद्देश्य, विद्वान विधेय; अरबी नावं मुब्तदा आणि ख़बर. “अ‘तैतु ल्-फ़क़ीर दिर्हमन्” मधून “अ‘तैतु” काढलं तर “गरीब दिरहम आहे” असं निरर्थक काही उरतं.

यावरून ज़न्न काय करतं ते दिसेल. ते एका तयार वाक्याच्या डोक्यावर येऊन बसतं आणि त्या वाक्याची दोन्ही अंगं रफ़अमधून नसबमध्ये ओढतं. तुम्ही “इन्न” आणि “कान” शिकला असालच. “इन्न” उद्देश्याला नसब देतं आणि विधेय तसंच ठेवतं: इन्न ज़ैदन् ‘आलिमुन्. “कान” उलटं करतं: कान ज़ैदुन् ‘आलिमन्. ज़न्न दोघांनाही नसब देतं. हे तिन्ही एकाच कुटुंबातले आहेत, म्हणून पुस्तकात ज़न्नचा धडा इन्न आणि कानच्या शेजारी येतो आणि अ‘ताचा सकर्मक क्रियापदांत. वाटणं, समजणं, गृहीत धरणं, आढळणं, आणि एका गोष्टीचं दुसरीत रूपांतर करणं या अर्थाची क्रियापदं ज़न्नच्या बाजूला. देणं, नेसवणं, शिकवणं, मागणं, नाकारणं ही अ‘ताच्या बाजूला.

हा भेद नंतरच्या शिक्षकांनी सोयीसाठी काढलेला नाही. बसऱ्यात शिकलेल्या सीबवैही या व्याकरणकाराने आठव्या शतकात “अल्-किताब”मध्ये या दोघांची लागोपाठ दोन प्रकरणं केली, आणि वेगळं करण्याची त्याची कसोटी फार उपयोगी आहे. पहिल्यात तो म्हणतो, हवं तर पहिल्या कर्मावर थांबा, हवं तर दुसऱ्यापर्यंत जा. उदाहरण: “अ‘ता ‘अब्दु ल्लाहि ज़ैदन् दिर्हमन्”. दुसऱ्यात म्हणतो, इथे एकावर थांबायची तुम्हाला मुभा नाही. उदाहरण: “ज़न्न ‘अम्रुन् ख़ालिदन् अबाक”, अम्रला वाटलं खालिद हा तुझा बाप. कारणही त्याने दिलं आहे: तुम्हाला सांगायचं असतं ते पहिल्याबद्दल तुम्हाला काय वाटतं ते. अर्धं सांगून थांबलात तर सांगण्याचं मूळच राहिलं.

थांबता येतं का, हा प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारायची सवय लावा. “अ‘तैतु ज़ैदन्”: मी ज़ैदला दिलं. काय दिलं ते संदर्भात असेल. चालतं. “अ‘तैतु दिर्हमन्”: मी दिरहम दिला. चालतं. दोन्ही गाळलेलीही चालतात. कुराणाच्या 92व्या सूरेत “फ़अम्मा मन् अ‘ता वत्तक़ा” येतं, “ज्याने दिलं आणि जो सावध राहिला”, कोणाला, काय, काहीच नाही, आणि अर्थ त्यामुळेच मोठा होतो. 93व्या सूरेत “व लसौफ़ यु‘तीक रब्बुक”, तुझा प्रभू तुला देईल, काय ते उघडं ठेवलं आहे. हेच “ज़नन्तु ज़ैदन्” असं करून पाहा. मला ज़ैद वाटला… पुढे? संदर्भातून दुसरं अंग स्पष्ट असेल, जसं कोणी विचारलं “कोणाला विद्वान समजलास?” आणि उत्तर दिलं “ज़ैदला”, तर गोष्ट वेगळी. एरवी वाक्य लटकतं.

जागा बदलण्याचंही असंच. अ‘ताच्या जोडीत ज्याच्या हातात वस्तू जाते तो अर्थाने “घेणारा” आहे, म्हणून त्याची नैसर्गिक जागा पहिली. घोळ होणार नसेल तर अदलाबदल चालते. दिरहम कोणी गरिबाला घेत नाही, तेव्हा “अ‘तैतु दिर्हमन् ल्-फ़क़ीर” म्हटलं तरी अर्थ तोच. पण दोघंही घेणारे असू शकतील तर क्रम हलवू नका. “अ‘तैतु ज़ैदन् ‘अम्रन्” म्हणजे मी ज़ैदला अम्र दिला, सोबती म्हणून समजा, उलटं केलं तर अर्थ उलटतो, कारण प्रत्यय तुम्हाला काहीच सांगत नाही. आणि एक जागा अशी आहे की तिथे उलटवावंच लागतं: “अ‘तैतु द्-दिर्हम साहिबहू”, दिरहम त्याच्या मालकाला दिला. “त्याच्या” हे सर्वनाम दिरहमकडे बोट दाखवतं, तेव्हा दिरहम आधी आलाच पाहिजे. मराठीतही “त्याच्या मालकाला दिरहम दिला” म्हटलं तर “त्याच्या म्हणजे कोणाच्या?” असा प्रश्न येतो.

ज़न्नच्या जोडीत दुसरं कर्म विधेय असल्यामुळे त्याला विधेयाचे सगळे हक्क मिळतात. ते लिंग-वचनात पहिल्याशी जुळतं. 18व्या सूरेत दोन बागांचा धनी म्हणतो: “व मा अज़ुन्नु स्-सा‘अत क़ाइमतन्”, ती घटिका येणार आहे असं मला वाटत नाही. सा‘अत स्त्रीलिंगी, म्हणून क़ाइमतन्. अ‘तामध्ये असं जुळवायचा प्रश्नच नाही, मुलीला दिलेलं पुस्तक पुल्लिंगीच राहतं. शिवाय विधेयाच्या जागी क्रियापद किंवा अव्ययासह नाम येऊ शकतं: “ज़नन्तु ज़ैदन् यक्तुबु” (ज़ैद लिहितोय असं वाटलं), “ज़नन्तु ज़ैदन् फ़िल्-बैति” (ज़ैद घरात असेल असं वाटलं). इथे दुसऱ्या कर्मावर नसब डोळ्यांना दिसत नाही, कारण वाक्यांशच त्या जागी बसला आहे. विद्यार्थी इथे “यक्तुब” असं काहीतरी करून नसब दाखवायला जातात. ते करू नका.

यातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक “की”ची. “मला वाटलं की ज़ैद विद्वान आहे” हे “ज़नन्तु अन्न ज़ैदन् ‘आलिमुन्”. इथे “अन्न”पासून शेवटपर्यंतचा सगळा तुकडा मिळून ज़न्नच्या दोन्ही कर्मांची जागा भरतो. आत मात्र सत्ता “अन्न”ची: ज़ैदला नसब, ‘आलिमला रफ़अ. डोक्यात “ज़न्न म्हणजे दोन नसब” एवढंच बसलेलं असलं की हात आपोआप “‘आलिमन्” लिहितो. तुमच्या वहीत अशी वाक्यं शोधा. मला वाटतं निम्म्या चुका तिथेच सापडतील.

आता एक वाक्य स्वरचिन्हांशिवाय वाचून पाहू, कारण वर्तमानपत्रात आणि बहुतेक पुस्तकांत स्वरचिन्हं नसतातच. समजा समोर क्रमाने असे शब्द आहेत: वाटले, अल्-मु‘अल्लिम (शिक्षक), अत्-तिल्मीज़ (विद्यार्थी), ग़ाइब (गैरहजर), आणि या शेवटच्या शब्दाच्या शेपटाला एक अलिफ़. पहिली खूण ती अलिफ़. “अल्” नसलेल्या नामाला नसब मिळाला की “-अन्” होतं आणि ते लिहिताना बहुधा शेवटी अलिफ़ येते. (गोल त असलेल्या स्त्रीलिंगी शब्दांत ती येत नाही, म्हणून “क़ाइमतन्” तुम्हाला स्वतःच ओळखावं लागतं.) म्हणजे ग़ाइबन् नसबमध्ये आहे. दुसरी पायरी: क्रियापद ज़न्न, तेव्हा मला एक कर्ता आणि उद्देश्य-विधेयाची एक जोडी हवी. तिसरी: उरलेल्या दोघांपैकी कर्ता कोण? खुणा नाहीत, तेव्हा क्रम मानायचा, शिक्षक कर्ता. चौथी: “विद्यार्थी गैरहजर” याचं वाक्य होतं का? होतं. म्हणून “ज़न्न ल्-मु‘अल्लिमु त्-तिल्मीज़ ग़ाइबन्”: शिक्षकाला विद्यार्थी गैरहजर वाटला. आता क्रियापद “अ‘ता” आणि शेवटचा शब्द “किताबन्” करा. अलिफ़ तीच, क्रम तोच, पण चौथ्या पायरीवर “विद्यार्थी पुस्तक” याचं वाक्य होत नाही. विद्यार्थी घेणारा, पुस्तक घेतलेलं.

नसब नेहमी “अ” असा दिसत नाही, याचाही त्रास होतो. “अ‘तैतु त्-तालिबाति कुतुबन्”, मी विद्यार्थिनींना पुस्तकं दिली. “-आत” ने होणाऱ्या स्त्रीलिंगी अनेकवचनाचा नसब “इ” ने होतो, म्हणून तालिबाति पाहून अनेक जण ती जर विभक्ती समजतात आणि न दिसणारं अव्यय शोधत बसतात. पुल्लिंगी “-ऊन” चं “-ईन” होतं: “ज़नन्तु ल्-मु‘अल्लिमीन ग़ाइबीन”, दोन्ही शब्दांत. “अबू”चं “अबा” होतं, जसं सीबवैहीच्या वाक्यात “अबाक”. आणि काही विशेषनामांना “न्” लागतच नाही. चौथ्या सूरेतलं “वत्तख़ज़ ल्लाहु इब्राहीम ख़लीलन्” घ्या, “अल्लाहने इब्राहीमला मित्र केलं”. कर्ता “अल्लाहु”, उ ने. “इब्राहीम” पहिलं कर्म, फक्त अ, कारण ते परकीय विशेषनाम. “ख़लीलन्” दुसरं कर्म, अन् ने. “इब्राहीम मित्र आहे” याचं वाक्य होतं, म्हणून ही ज़न्नच्या कुटुंबातली, रूपांतराच्या अर्थाची जोडी. एकाच ओळीत तीन वेगळी शेपटं आहेत, म्हणून वर्गात मी ही ओळ फळ्यावर लिहून तासभर तिच्यावरच राहते.

“रआ” (पाहिले) या क्रियापदाबाबत मात्र थांबून विचार करावा लागतो. डोळ्यांनी पाहिलं तर त्याला एकच कर्म: “रऐतु ल्-हिलाल”, मी चंद्रकोर पाहिली. मनाने पाहिलं, म्हणजे मानलं, तर दोन: “रऐतु ल्-‘इल्म नाफ़ि‘अन्”, ज्ञान उपयोगी आहे असं मला दिसलं. 70व्या सूरेत “इन्नहुम् यरौनहू ब‘ईदन् व नराहु क़रीबन्”, त्यांना ते दूर दिसतं आणि आम्हाला ते जवळ दिसतं, दोन्हीकडे पहिलं कर्म सर्वनाम, दुसरं विधेय. पण “रऐतु ज़ैदन् वाक़िफ़न्” म्हणजे ज़ैद उभा असलेला मी पाहिला. इथे वाक़िफ़न् नसबमध्ये असलं तरी दुसरं कर्म नाही, ती पाहिलं तेव्हाची त्याची अवस्था आहे. ओळखायचं कसं? पुन्हा थांबून पाहा. “मी ज़ैदला पाहिलं” एवढ्यावर वाक्य पुरं होतं. “ज्ञान पाहिलं” एवढ्यावर होत नाही. “वजद” (सापडले, आढळले) याचंही असंच: हरवलेली किल्ली सापडली तर एक कर्म, माणूस प्रामाणिक आढळला तर दोन.

कर्मणी प्रयोगात दोन्ही कुटुंबं सारखी वागतात, म्हणून इथे फार वेळ घालवायला नको. पहिलं कर्म कर्त्याच्या जागी जाऊन रफ़अ घेतं, दुसरं नसबमध्येच राहतं: “उ‘तिय ल्-फ़क़ीरु दिर्हमन्”, “ज़ुन्न ज़ैदुन् ‘आलिमन्”. दुसऱ्या सूरेतलं “व मन् यु’त ल्-हिक्मत फ़क़द् ऊतिय ख़ैरन् कसीरन्” (ज्याला शहाणपण दिलं गेलं त्याला पुष्कळ भलं दिलं गेलं) यात “हिक्मत” आणि “ख़ैरन्” दोन्ही नसबमध्ये का राहिले, ते आता तुम्हाला दिसेल.

शेवटी, तुम्ही अरबी कशासाठी शिकताय यावर काही गोष्टी अवलंबून आहेत. जुने ग्रंथ वाचायचे असतील तर वरचं सगळं लागेल. आजचं गद्य वाचायचं असेल तर दोन फरक लक्षात ठेवा. अ‘तासोबत वस्तू आधी ठेवून घेणाऱ्याला “लि” हे अव्यय लावलेलं तुम्हाला सर्रास दिसेल, “अ‘तैतु ल्-किताब लि-ज़ैदिन्”, तिथे ज़ैद जरमध्ये जातो आणि तुमची चतुर्थीची हौस थोडी भागते. पण परीक्षेच्या उत्तरात ही रचना लिहिण्याआधी तुमच्या शिक्षकांना विचारा. “वहब” (बहाल केले) हे क्रियापद तर कुराणातही “लि” घेऊनच येतं, तेव्हा कोणतं क्रियापद काय घेतं ते एकेक करून शिकावंच लागतं. दुसरा फरक असा की बातम्यांमध्ये ज़न्न दोन उघड्या नामांसह क्वचित भेटतं, बहुतेक वेळा “अन्न” घेऊन येतं. उघडी जोडी रोज दिसते ती “इ‘तबर” (मानले) सोबत: “इ‘तबर ल्-वज़ीरु ल्-क़रार ख़तअन्”, मंत्र्याने तो निर्णय चूक मानला. आणि नोकरीसाठी आखातात जायचं असून बोलण्यापुरती अरबी हवी असेल तर तिथल्या बोलीत हे शेवटचे स्वर उच्चारलेच जात नाहीत. तिथे विभक्तीपेक्षा क्रम सांभाळा: आधी ज्याला द्यायचं तो, मग वस्तू.